क्लच हळू सोड!

सांगलीत हॉस्टेलच्या मैत्रिणी गाडीवरून भुर्रकन जातात, आणि मेकॅनिकलची मी मात्र कायम मागच्या सीटवर! दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा पप्पांना म्हटलं, "दादाला दहावीनंतर लगेच शिकवलीत. मला कधी?" पप्पा काहीच बोलले नाहीत. रविवारी पहाटे सहालाच उठवलं.

आमची जुनी प्रिया अस्सल सातारकर, इथल्याच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली. एमआयडीसीजवळच्या रिकाम्या प्लॉटवर पप्पांनी मला बसवलं. क्लच दाबून डावी मूठ वर फिरवली, पहिला गिअर. "आता क्लच हळू सोड." मी सोडला तो एकदम. गाडीनं हिसका दिला आणि बंद! पाच वेळा तेच. क्लचच्या प्लेट्स आधी घसरतात, मग पकडतात, हे व्हायव्हात मी घडाघडा सांगितलं होतं. पण बोटांना कुठे माहीत?

"थोडी रेस दे. इंजिनचा आवाज जड झाला की बोटं तिथेच थांबव."

सहाव्यांदा थांबवली. गाडी गुपचूप हलली! प्रियाचं इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे ती तिकडेच ओढायची. पप्पा स्टेपनी धरून मागे धावत होते.

"पप्पा, सोडू नका हं!"

उत्तर नाही. मोठं वळण घेतलं तर पप्पा पार पलीकडे, तुटकी चप्पल हातात घेऊन उभे.

घरी जाताना म्हणाले, "दादाला सांगू नकोस. त्याला आठवडा लागला होता."