हॅलो, आर यू लुकिंग फॉर अ बस?

ऐंशीच्या दशकात आमच्या औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेला गोरा माणूस उभा दिसला, की पाच मिनिटांत त्याच्याभोवती रिंगण धरलं जायचं. मधोमध तो, हातात जाडजूड लोन्ली प्लॅनेट, नजर बसच्या पाट्यांवर. पाट्या सगळ्या देवनागरीत. त्याला जायचं असायचं एलोराला, आणि बसच्या कपाळावर लिहिलेलं असायचं कन्नड, चाळीसगाव, नाहीतर धुळे. वेरूळ हे त्या रस्त्यावर तीसेक किलोमीटरवरचं मधलंच गाव. पाटीवर ते असेलच असं नाही, आणि असलं तरी ‘वेरूळ’ म्हणून. एलोरा नावाचं गाव आमच्याकडच्या निम्म्या कंडक्टरांनी ऐकलेलंच नव्हतं.

रिंगणातल्या आम्हा पोरांचं इंग्रजी पाचवीपासूनचं. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, पण त्यातलं एकही वाक्य स्टँडवर कामाला यायचं नाही. मग कुणीतरी धीर करून विचारायचा, ‘व्हिच कंट्री?’ तो सांगायचा, जर्मनी. ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ तेही सांगायचा. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मॅरीड?’ हे चाललेलं असताना मागून कन्नड गाडी हॉर्न देऊन निघून जायची. त्याला कुठे जायचंय हे कुणी विचारलेलंच नसायचं. पण तोही हसत उभा राहायचा. त्याच्याकडे वेळ होता, आमच्याकडे तर होताच होता.

खरी मदत करायचे ते स्टँडवरचे एक पेपरवाले काका. त्यांचं इंग्रजी दोन शब्दांचं होतं. समोर जाऊन उभं राहायचं, नमस्कार करायचा आणि विचारायचं, ‘एलोरा? अजंता?’ आमच्या गावात हरवलेला परदेशी माणूस या दोनांपैकी एका ठिकाणीच निघालेला असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. उत्तर आलं की पेपरच्या कोऱ्या कडेचा तुकडा फाडून त्यावर मराठीत चिठ्ठी लिहायचे आणि त्याच्या हातात द्यायचे. चिठ्ठी पर्यटकासाठी नसायची, कंडक्टरसाठी असायची.

अजिंठ्याच्या चिठ्ठीत एक ओळ ते हमखास घालत : ‘यांना लेणीच्या फाट्यावर उतरवणे, अजिंठा गावात नाही.’ ही ओळ फार मोलाची. आमच्याकडून जळगावची गाडी सिल्लोडवरून आधी अजिंठा गावात जाते, तिथून घाट उतरते, आणि मग फर्दापूरच्या अलीकडे लेण्यांचा फाटा लागतो. ‘अजंता, अजंता’ म्हणणाऱ्या माणसाला कंडक्टर प्रामाणिकपणे अजिंठ्यात उतरवायचा. लेणी तिथून दहा-बारा किलोमीटर पुढे. बिचारा गावच्या वेशीत उभा राहून डोंगर शोधायचा.

आता तसं रिंगण होत नाही. गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, पोरं पहिलीपासून इंग्रजी शिकतात, आणि पर्यटकाच्या हातात पुस्तकाऐवजी फोन असतो. नकाशातला निळा ठिपका त्याला तो कुठे उभा आहे ते अचूक सांगतो. समोरच्या लाल गाडीवर ‘जळगाव’ लिहिलंय आणि तीच आपली, हे मात्र सांगत नाही. म्हणजे हरवणं संपलेलं नाही, पण ते ओळखणं अवघड झालंय. पूर्वी मान वर करून भिरभिर पाहणारा माणूस हरवलेला समजायचा. आता मान खाली असते. फोन आडवा-उभा फिरवणं, चार पावलं जाऊन परत येणं, एकाच फलाटासमोरून दोनदा जाणं, एवढ्यावरून ताडावं लागतं.

आणि ‘व्हिच कंट्री?’ तर आता चालतच नाही. जगभरच्या पर्यटनस्थळी ते गाइडचं, शाल विकणाऱ्याचं आणि टॅक्सीवाल्याचं पहिलं वाक्य झालंय. ते कानावर पडलं की पाहुणा ‘नो, थँक यू’ म्हणून चालू लागतो, आपला हेतू कितीही शुद्ध असो. त्यापेक्षा दोन हात अंतरावर, समोरून दिसेल असं थांबावं. पाठीमागून खांद्यावर हात नको, सामानाला तर नकोच. हळू म्हणावं, ‘हॅलो. आर यू लुकिंग फॉर अ बस?’ देश विचारायला पुढे वेळ आहे. शिवाय बरेचदा तो थायलंडचा किंवा कोरियाचा असतो, त्याचंही इंग्रजी आपल्याइतकंच. मोठ्या वाक्यांनी दोघंही अडकतात.

परवा एका सोमवारी सकाळी एक मध्यमवयीन जोडपं जळगाव गाडीच्या आसपास घुटमळत होतं. मी हेच वाक्य टाकलं. ‘यस, अजंता,’ बाई म्हणाल्या. आता पंचाईत अशी, की अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. मी म्हणालो, ‘अजंता इज क्लोज्ड टुडे. मंडे.’ नवऱ्याचा चेहरा लगेच घट्ट झाला. त्याचंही चूक नाही. ‘आज ते बंद आहे, माझ्यासोबत चला’ ही भामट्यांची जुनी युक्ती, प्रवासाच्या प्रत्येक पुस्तकात छापलेली. इथे खरं बोलणारा आणि फसवणारा एकच वाक्य बोलतात.

अशा वेळी शपथा घेऊन उपयोग नसतो. मी चौकशीच्या खिडकीकडे बोट केलं आणि म्हणालो, ‘प्लीज आस्क देअर.’ आणि जागेवरच थांबलो. सोबत गेलो असतो तर खिडकीतला माणूसही माझाच वाटला असता. ते विचारून आले, फोनवरही पाहिलं, आणि मग दोघं आपणहून माझ्याकडे वळले. पुढचं सोपं होतं : ‘टुडे एलोरा. टुमॉरो अजंता.’ कन्नडच्या गाडीकडे हात केला. तिकिटाचा आकडा बोटांवर दाखवला, कारण फिफ्टीन आणि फिफ्टी आपल्या तोंडून सारखेच ऐकू येतात. बाईंनी ‘धिस बस?’ विचारलं तेव्हा मान डोलवली नाही, तोंडाने ‘यस’ म्हटलं. आपलं मान डोलवणं बाहेरच्याला हो वाटेल की नाही, काही नेम नसतो.

दुसऱ्या दिवसासाठी चिठ्ठी मात्र लिहून दिली, काकांच्याच मजकुराची. फोनमध्ये भाषांतर करणारी सोय होती त्यांच्याकडे. तिने ‘अजंता केव्ह्ज’चं मराठी व्यवस्थित केलं असतं, पण गावात उतरू नका, फाट्यावर उतरा, हे तिला कोण सांगणार? फाट्यापासून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर आता खासगी गाडी नेत नाहीत, तिथल्या बसनेच जावं लागतं. तेही खाली इंग्रजीत लिहिलं : ‘चेंज बस हिअर. फोर किलोमीटर्स.’

हल्ली स्टँडवर गोऱ्यांपेक्षा चेन्नईचं, कोलकात्याचं कुटुंब गोंधळलेलं जास्त दिसतं. आजी, दोन मुलं, पाच पिशव्या. आम्ही त्यांच्याशी सरळ हिंदी सुरू करतो आणि चेन्नईचे आजोबा नुसते बघत राहतात. त्यांनाही ‘हॅलो, एलोरा ऑर अजंता?’ हेच लागू पडतं. आणि मंगळवार असेल, तर वेरूळच्या गाडीत बसण्याआधी थांबवावंही लागतं.