गोष्टीतला ‘तुम्ही’ नेमका कोण?

‘कल्पना करा, तुम्ही दलित आहात. तुम्ही खोली शोधायला निघाला आहात...’ अशा सुरुवातीच्या गोष्टी आजकाल बऱ्याच येतात. लिहिणारे बहुधा चांगल्या मनाचे असतात. पण मला त्यांचा राग येतो. सवर्ण वाचकाला दोन पानांपुरती आपली जखम उसनी मिळते. तो हळहळतो, डोळे पुसतो आणि उठतो. पीडिताच्या जागी बसवलेला वाचक आपोआप निर्दोष ठरतो. खोली नाकारणारा दुसराच कुणीतरी असतो.

पीडिताची बाजू सांगायला ‘मी’ पुरेसा आहे. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा ‘मी’मध्येच आहे आणि तिला दुसऱ्या कशाची गरज पडली नाही. ‘तुम्ही’चं काम वेगळं आहे. त्याने समोरच्याकडे बोट दाखवायचं असतं. 1936 साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचं भाषण लिहिलं, तेव्हा समोर सवर्ण सुधारक बसणार हे धरूनच लिहिलं. त्या भाषणातल्या ‘तुम्ही’ला पत्ता होता. मंडळाने काही मजकूर गाळायला सांगितला, बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली आणि भाषण त्यांनी स्वतःच छापून काढलं.

आमच्या वाचनमंडळात एका तरुण कार्यकर्त्याने खोलीचीच गोष्ट आणली होती. त्याच्या गोष्टीत ‘तू’ घरमालक होता : ‘तू त्याच्याकडे बघितलंस. तुला किळस आली. तू दार लावून घेतलंस.’ बाजू त्याने बरोबर निवडली होती, तरी गोष्ट पकड घेत नव्हती. ‘तुला किळस आली’ म्हटलं की वाचक म्हणतो, छे, मला नाही येत. तो तिथेच सुटतो. वाचकाच्या माथी भावना मारता येत नाही, त्याने खरोखर केलेली कृतीच मारता येते. मग त्याने ते वाक्य बदललं : ‘तुम्ही नाव विचारलं. त्याने सांगितलं. तुम्ही म्हणालात, पूर्ण नाव?’ हे नाकारणार कोण? त्यापुढे गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला, मग ‘आमच्याकडे तसं काही नसतं हो, पण आई जुन्या वळणाची आहे’. आणि शेवटी ‘कळवतो’. किळस कुठेच लिहिली नाही. ती वाचक स्वतः आणतो.

‘तू’चं ‘तुम्ही’ करण्यामागे मराठीचंही एक कारण आहे. ‘तू म्हणालास’ लिहिलं की बाई वाचक बाहेर पडते, ‘म्हणालीस’ लिहिलं की पुरुष. ‘तुम्ही म्हणालात’मध्ये दोघं अडकतात. शिवाय आपल्याकडे ‘तू’ हा नुसता सर्वनामाचा प्रश्न कधीच नव्हता. पाटलाच्या पोराने आपल्या आजोबांना अरे-तुरे केलेलं ऐकत आपण वाढलो. गोष्टीतला घरमालक भाडेकरूला ‘तुम्ही’ म्हणत असतो आणि आडनाव कळल्यावर एका वाक्यात ‘तू’वर येतो, एवढा एक बदल पानभर वर्णनाचं काम करतो. पण लेखकाने वाचकालाच आधी ‘तू’ करून ठेवलं असेल, तर हे हत्यार बोथट होतं.

ही नुसती करामत आहे का, हे तपासायला मी त्याला ‘तुम्ही’च्या जागी सगळीकडे ‘घरमालक’ घालून वाचायला सांगितलं. पहिल्या खर्ड्यात काहीच बिघडलं नाही, म्हणजे तिथे ते सर्वनाम शोभेचं होतं. दुसऱ्यात ‘घरमालक म्हणाला, पूर्ण नाव?’ हे वाक्य एकदम मऊ पडलं.

इथवर सगळे खूश होते. सुधारलेली गोष्ट विहारात वाचली गेली, टाळ्याही पडल्या. माझी अडचण त्या टाळ्यांशीच होती. ऐकणाऱ्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला ते पूर्ण नाव कधी ना कधी विचारलं गेलं आहे. त्यांच्यासाठी हा ‘तुम्ही’ पलीकडच्या गल्लीतला होता. मी म्हणालो, घर आपल्या वस्तीत आण. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो लाव. खोली मागणारा मुलगा मातंग असू दे.

पोराने तसं लिहिलं. प्रश्न तेच ठेवले, फक्त आईच्या ऐवजी ‘आमच्या मिसेसला जरा...’ आलं आणि ‘जयभीम’ला मुलाने दिलेलं उत्तर क्षणभर उशिरा आलं. ‘तुम्ही तो उशीर मोजलात.’ हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. मग एक ज्येष्ठ बंधू तावातावाने म्हणाले, “हे छापू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल.” दुसऱ्या बाजूने एका ताईंनी विचारलं, “पण मुलाचं पुढे काय झालं? खोली मिळाली का त्याला?”

ते गोष्टीत नाही. ‘कळवतो’ म्हणून दार लावल्यावर तो मुलगा कुठे गेला, हे त्या ‘तुम्ही’ला माहीत नसतं, त्यामुळे गोष्टीलाही ते सांगता येत नाही. अंक पुढच्या महिन्यात निघतो आहे. गोष्ट त्यात घ्यावी असं माझं मत आहे, आणि ज्येष्ठ बंधूंचा विरोध अजून कायम आहे.