फोटोतली सरासरी आणि शेवंताबाईंचं रक्त

डिसेंबरातली सकाळ. येरमाळ्यात दवाखाना उघडून मी पहिला पेशंट तपासत होतो, तेवढ्यात फोनवर एक फोटो आला. जवळच्या वाडीतले एक गुरुजी आहेत, हौशी आणि कामसू. त्यांनी बचत गटाच्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासायचं छोटं शिबिर भरवलं होतं. वहीचं शेवटचं पान त्यांनी मोबाईलवर टिपलं होतं. अर्ध्या पानावर अंगठ्याची सावली, खाली निळ्या शाईत तीन ओळी: एकूण महिला २५, सरासरी १०.८, एसडी १.५. सोबत निरोप होता, "डॉक्टरसाहेब, यावरून गावातल्या बायांचं रक्त किती आहे ते खात्रीनं सांगा. गटात टाकायचं आहे."

मी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात कॅल्क्युलेटर उघडला आणि उत्तर पाठवलं: "९५ टक्के खात्रीनं १०.२ ते ११.४." आकडे बरोबर होते, वाक्य मात्र अर्धवट होतं. गुरुजींनी ते आपल्या समजुतीप्रमाणे पूर्ण केलं आणि गटात लिहिलं: "आपल्या ९५ टक्के महिलांचं रक्त १०.२ ते ११.४ आहे. दहाच्या खाली जवळजवळ कोणी नाही. काळजी नसावी."

आठ-दहा दिवसांनी शेवंताबाई (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही) दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकत बाकावर बसल्या. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली नावालाच. मी विचारलं, "मावशी, शिबिरात रक्त तपासलं होतं का?" त्यांनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. ७.६. "गुरुजी म्हनले कुनालाच कमी न्हाई, मग म्या बी गप बसले," त्या म्हणाल्या. अंगावरून जास्त जात होतं, कितीतरी महिने. ज्या स्त्रिया गरोदर नाहीत त्यांच्यात जागतिक आरोग्य संघटना १२ च्या खाली रक्तक्षय धरते आणि ८ च्या खाली तीव्र. त्यांना पुढच्या तपासण्यांना आणि उपचाराला पाठवलं. पण मला टोचत राहिलं ते हे, की त्या पंचविसांतल्याच एक होत्या आणि माझ्या वाक्यानं त्यांना घरी बसवलं होतं.

म्हणून आज ते गणित नीट मांडतो. असे फोटो तुमच्याकडेही येत असतील.

आधी फोटो वाचायचा. सरासरीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला तीनच गोष्टी लागतात: किती जण तपासले, सरासरी किती आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एसडी, किती. एसडी म्हणजे एकेकीचा आकडा सरासरीपासून साधारण किती लांब पडतो त्याचं माप. गुरुजींच्या फोटोत दशांशाचा ठिपका सावलीत गेला होता, त्यामुळे १.५ की १५ ते दिसत नव्हतं. इथे डोळ्यापेक्षा व्यवहार कामाला येतो. सरासरीच अकराच्या आत असताना एकेकीचा आकडा पंधरानं मागेपुढे होणं म्हणजे काहींचं रक्त शून्याच्या खाली जाणं. तेव्हा १.५ च.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे नुसतं "१०.८ ± ०.३" असं लिहिलेलं असणं. ते ०.३ एसडी समजायचं का? तसं असेल तर पंचवीसही जणी जवळपास एकाच रक्ताच्या निघाल्या असं होईल, आणि असं गाव मी पाहिलेलं नाही. त्या ०.३ ला २५ च्या वर्गमुळानं, म्हणजे ५ नं, गुणून बघा. १.५ येतात, आणि ते पटतं. म्हणजे लिहिणाऱ्यानं एसडी नव्हे, स्टँडर्ड एरर दिली आहे. शंका आली तर सरळ फोन करून विचारावं, अंदाजावर पुढे जाऊ नये.

आता हिशेब. एसडीला तपासलेल्यांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागायचं: १.५ भागिले ५, म्हणजे ०.३. हीच स्टँडर्ड एरर. दुसऱ्याच पंचवीस जणी आल्या असत्या तर सरासरी साधारण किती हलली असती, ते ती सांगते. हिला एका गुणकानं गुणायचं. पुस्तकात १.९६ सापडतो, पण तो मोठ्या संख्येसाठी. आपली एसडीसुद्धा पंचवीस जणींवरूनच काढलेली आहे, तीही थोडी डळमळीत, म्हणून गुणक थोडा मोठा घ्यावा लागतो. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं ही गोष्ट दाखवून दिली. त्यांच्या कोष्टकात २५ मधून एक वजा करून २४ च्या ओळीत बघायचं: २.०६४. एक्सेलमध्ये असं मिळतं:

```
=T.INV.2T(0.05,24)
```

०.३ गुणिले २.०६४ म्हणजे ०.६२. सरासरीतून वजा केले की १०.१८, मिळवले की ११.४२. म्हणजेच १०.२ ते ११.४. इथवर मी चुकलो नव्हतो.

पण ही पट्टी *सरासरीची* आहे. अशा सगळ्या बायकांची, ज्यांच्यातून या पंचवीस आल्या, त्यांची खरी सरासरी कुठे असू शकेल, एवढंच ती सांगते. एकेका बाईचं रक्त कुठे आहे हे ती सांगतच नाही. ते हवं असेल तर एसडीकडे जायचं. आकडे साधारण घंटेच्या आकारात पसरलेले असतील तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन एसडी घ्यायचे: १०.८ उणे ३ ते १०.८ अधिक ३, म्हणजे ७.८ ते १३.८. बहुतेक बायका या लांब पट्ट्यात असतात, आणि एखादी त्याच्याही बाहेर. शेवंताबाईंचे ७.६ पाहून आश्चर्य वाटायचं काही कारणच नव्हतं. फोटोतल्या तीन ओळींतच ते दडलं होतं.

यावर गुरुजींनी मला चांगला प्रश्न विचारला. "सर, मग जास्त बाया तपासल्या असत्या तर चूक टळली असती का?" नसती, उलट वाढली असती. समजा शंभर जणी तपासल्या आणि सरासरी, एसडी तेच आले. वर्गमूळ १०, स्टँडर्ड एरर ०.१५ आणि पट्टी १०.५ ते ११.१. सरासरीबद्दल आपण जास्त नेमके झालो. पण गावात कुणाच्या अंगात एक थेंब रक्त वाढलं नाही, की कमीही झालं नाही. एकेकीचा पसारा तसाच, ७.८ ते १३.८. पट्टी जितकी अरुंद, तितकं "सगळ्यांचं एवढंच आहे" हे वाचणाऱ्याला जास्त खरं वाटतं.

आता त्या "९५ टक्के" शब्दाकडे वळतो, कारण तिथे डॉक्टरही अडखळतात. "खरी सरासरी या पट्टीत असण्याची शक्यता ९५ टक्के" असं सगळे म्हणतात, मीही म्हणत असे. येडेश्वरीच्या यात्रेत रिंग टाकण्याचा खेळ असतो, तो आठवा. खुंटी जागची हलत नाही, हलते ती रिंग. खरी सरासरी ही खुंटी आहे. ती आहे तिथेच आहे, आपल्याला फक्त दिसत नाही. दर शिबिराची पट्टी म्हणजे एकेक रिंग. ९५ टक्के हे फेकणाऱ्या हाताचं वर्णन आहे: याच रीतीनं शंभर शिबिरांत शंभर पट्ट्या काढल्या तर साधारण पंच्याण्णव खुंटीवर बसतील, पाचेक हुकतील. आपल्या हातातली १०.२ ते ११.४ ही रिंग बसली की हुकली, ते मात्र ती स्वतः सांगत नाही. आपला भरवसा रीतीवर असतो.

ही मांडणी येर्झी नेमन यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पक्की केली. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे तिथे संख्याशास्त्र शिकत होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. भुकेची मोजणी हा त्यांचा विषय. माणसामाणसांत आणि एकाच माणसात दिवसादिवसाला फरक पडतो, तेव्हा सरासरी गरजेचा आकडा घेऊन त्याच्या खालच्या प्रत्येकाला उपाशी ठरवू नका, असं ते आग्रहानं मांडत. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले. माझी चूक त्यांच्या उदाहरणाच्या उलट दिशेची होती, पण जातकुळी तीच: सरासरीचा आकडा एकेका माणसाच्या अंगाला चिकटवणं.

एक गोष्ट या पट्टीला कधीच कळत नाही, ती म्हणजे शिबिराला कोण आलंच नव्हतं. आमच्या भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि परततात त्या पाडव्याच्या आसपास. डिसेंबरच्या वहीत त्या बायका नव्हत्याच. आलेल्या पंचवीस जणीही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. ज्यांना सवड होती त्या आल्या. तेव्हा "गावातल्या बायका" हा शब्द माझ्या उत्तरात बसत नव्हता. तसंच बोटातून रक्त येईना म्हणून बोट दाबून दाबून थेंब काढला, तर त्यात पेशीबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येऊ शकतो. पंचवीसही जणींचं असंच झालं असेल तर सगळी पट्टीच खाली सरकते, आणि तिची रुंदी बघून ते ओळखता येत नाही.

मग या पट्टीचा उपयोग काय? एक गोष्ट ती ठामपणे सांगते. तिचं वरचं टोक ११.४ आहे, १२ च्या खाली. म्हणजे शिबिराला येणाऱ्या अशा बायकांची सरासरीच १२ पर्यंत पोचत नाही, आणि हा पंचवीस जणींच्या निवडीतला निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. लोहाच्या गोळ्यांचा पुरवठा मागायला हा आधार पुरेसा आहे. कुणाला घरी बसवायला नाही.

गुरुजींना मी नवा निरोप लिहून दिला: "तपासलेल्या २५ महिलांची सरासरी १०.८. अशा महिलांची खरी सरासरी १०.२ ते ११.४ च्या दरम्यान असावी असा अंदाज आहे, तो चुकूही शकतो. एकेकीचं रक्त यापेक्षा बरंच कमी किंवा जास्त असू शकतं. प्रत्येकीनं आपली चिठ्ठी बघावी. ८ च्या खाली असेल तर आजच दाखवावं, १२ च्या खाली असेल तर या आठवड्यात." त्यांनी तो गटात टाकला आणि वहीतल्या सगळ्या नोंदी वाचून दाखवायला मला फोन केला. ८ च्या खाली शेवंताबाई एकट्याच होत्या. आठ आणि नऊच्या मध्ये आणखी दोघी निघाल्या. त्यातली एक दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दुसरी माहेरी गेली होती, तिच्या सासूकडे निरोप ठेवला आहे. पाडव्यानंतर टोळ्या परतल्या की पुन्हा तपासणी करायची ठरली आहे. या वेळी गुरुजी शेवटच्या पानाऐवजी अख्ख्या यादीचा फोटो पाठवणार आहेत, अंगठा बाजूला ठेवून.