सेकंदाला किती वेळा?

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत लहान वर्कशॉप चालवणाऱ्या एका मालकांनी मला विचारलं, "फोन हलला की त्याला कळतं ना? मग तो मोटरवर ठेवला, तर बेअरिंग जायला आलंय हे सांगेल का?"

प्रश्न अगदी रास्त होता. बेअरिंग जाम झालं की मोटर जळते, रिवाइंडिंगला जाते आणि ऑर्डर अडकते. कंपन मोजायची खरी उपकरणं मोठे कारखाने बाळगतात. तारिहाळमध्ये, तसंच हुबळीच्या गोकुळ रोडवरही, दोन-चार लेथ आणि एक ड्रिल घेऊन बसलेल्या शेडला ती परवडत नाहीत. फोन मात्र मालकापासून हेल्परपर्यंत प्रत्येकाच्या खिशात असतो, आणि त्या प्रत्येक फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्याच जोरावर.

मी अ‍ॅप बनवतो. अशा वेळी संगणक उघडण्याआधी मी कागद घेतो. सेन्सर फोनमध्ये आहे की नाही, ही चौकशी नंतरची. जे पकडायचं आहे ते सेकंदाला किती वेळा घडतं, हे मला आधी कळायला हवं.

आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. चार पोलची साधी इंडक्शन मोटर तिच्यावर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24. लहान मोटरमध्ये हमखास सापडणारं बेअरिंग म्हणजे 6205. त्यात साधारणपणे नऊ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगवर कुठे खड्डा पडला, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना एक ठोका देते. शाफ्टच्या एका फेऱ्यात असे सुमारे 3.58 ठोके पडतात, आणि खड्डा आतल्या रिंगवर असेल तर सुमारे 5.42. चोवीसने गुणलं की सेकंदाला 86 आणि 130 ठोके. मला पकडायचे होते ते हे दोन आकडे.

आता फोनची बाजू. अँड्रॉइड फोन बनवणाऱ्यांसाठी गूगलने किमान अटींचा एक दस्तऐवज ठेवला आहे. त्यात फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरने सेकंदाला निदान 100 वेळा माप द्यावं अशी अट आहे. महाग फोन चारशेच्याही पुढे जातात. पण स्वस्त फोन बनवणारा शंभरवर थांबला, तरी त्याने नियम मोडलेला नसतो. जी हालचाल पाहायची तिच्या दुपटीहून जास्त वेगाने मापं घ्यावी लागतात, हे तर मोजमापाचं मूळ गणित. सेकंदाला 100 मापं घेणाऱ्या फोनला 50 च्या वरचं काहीही खऱ्या रूपात दिसत नाही. मोटरचे 24 फेरे तो पाहील. 86 त्याच्या आवाक्यात नाही.

दिसत नाही एवढ्यावर हे थांबलं असतं, तर नुकसान थोडं होतं. सिनेमात धावत्या गाडीचं चाक कधीकधी उलटं फिरताना दिसतं, तसंच इथे होतं. चिपमधल्या गाळणीने वरची कंपनं आधीच अडवली नसतील, तर 86 चा ठोका 100 च्या मापात 14 वर उगवतो. पन्नासच्या मापातही तो 14 वरच दिसतो. 200 मापं घेणाऱ्या फोनवर 86 बरोबर जागी येतो, पण 130 खाली सरकून 70 वर बसतो. आलेखावर शिखर ठळक असतं, आकडा स्वच्छ असतो, आणि तो खोटा असतो. अशा अ‍ॅपवर विश्वास ठेवून कोणी चांगली मोटर उघडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे खराब मोटर चालू ठेवेल.

हे खोटं शिखर ओळखायची एक खूण आहे. तीच मोटर वेगवेगळ्या वेगाने माप घेणाऱ्या दोन फोनवर पाहायची. खरं कंपन दोन्हीकडे एकाच आकड्यावर राहतं, खोटं सहसा जागा बदलतं. पण 50 आणि 100 अशी जोडी निवडली, तर 86 दोन्हीकडे 14 वरच येतो आणि खरा वाटतो. म्हणून एकमेकांच्या पटीत नसलेले वेग निवडायचे.

कागदावर एवढं झालं की फोन हातात घ्यायचे, आणि तेही माझे नव्हेत. अ‍ॅप ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच खिशातले. मालकांनी शेडमधल्या मुलांना सांगितलं, "साहेबांना जरा फोन द्या रे, काही पुसणार नाहीत ते." चहाच्या सुट्टीत एकेक फोन लॅपटॉपला जोडून, त्या मुलांसमोरच, मी एवढंच चालवलं:

```
adb shell dumpsys sensorservice
```

सुरुवातीलाच सेन्सरांची यादी येते: चिपचं नाव, बनवणारी कंपनी आणि `maxRate`. मला हवा होता तो हा शेवटचा आकडा. नावंही नीट वाचावीत. काही स्वस्त फोनांत जायरोस्कोपपुढे `virtual` किंवा `pseudo` असं लिहिलेलं असतं. तिथे जायरोस्कोपची चिपच नसते. इतर सेन्सरांच्या मापांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि तोच जायरोस्कोप म्हणून पुढे करतं. फोन वळवण्यावर बेतलेलं अ‍ॅप काढायचं असेल, तर हा शब्द आधी दिसलेला बरा.

लॅपटॉप नसेल तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये काढलेलं फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप पुरतं. फोनमध्ये जो सेन्सर नाही, त्यावरचे प्रयोग ते चालूच होऊ देत नाही. अ‍ॅक्सेलरोमीटरचा स्पेक्ट्रमही दाखवतं. स्वतः एक ओळ लिहिण्याआधी आपल्या कल्पनेचा अर्धा भाग त्यात तपासून होतो.

जाहीर केलेला वेग आणि मिळणारा वेग यांतही फरक पडतो. प्रत्येक मापाला नॅनोसेकंदातली वेळ चिकटलेली असते. लागोपाठच्या वेळांमधलं अंतर काढलं की फोन खरोखर सारख्या तालात मोजतोय का ते कळतं. बॅटरी बचत चालू असेल किंवा स्क्रीन विझली असेल, तर काही फोनांत मधली मापं गळतात. मग फूरिये गणिताचा पायाच जातो, कारण मापं समान अंतरावर आहेत असं ते धरून चालतं.

नव्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. अ‍ॅपच्या मॅनिफेस्टमध्ये अमुक सेन्सर हवाच असं लिहिता येतं, आणि तो नसलेल्या फोनांना प्ले स्टोअर ते अ‍ॅप देत नाही. होकायंत्र, जायरोस्कोप, बॅरोमीटर यांना ही सोय पुरते. वेगासाठी मात्र असा चाळणीचा दरवाजा नाही. अ‍ॅक्सेलरोमीटर हवा म्हटलं की शंभरवाला आणि चारशेवाला दोघेही आत येतात. निवड अ‍ॅपलाच करावी लागते:

```
val s = sm.getDefaultSensor(Sensor.TYPE_ACCELEROMETER)
val hz = if (s != null && s.minDelay > 0) 1_000_000.0 / s.minDelay else 0.0
```

`minDelay` मायक्रोसेकंदात येतो. 10000 आला की समजायचं, हा फोन शंभरचा. शिवाय अँड्रॉइड 12 पासून 200 च्या वर जायचं तर `HIGH_SAMPLING_RATE_SENSORS` ही परवानगी मॅनिफेस्टमध्ये मागावी लागते, नाहीतर महाग फोनही दोनशेवर अडतो.

याच सेन्सरवर फार मोठी कामं चालतात. गूगलची भूकंपाची सूचना भारतात 2023 च्या सप्टेंबरमध्ये आली, आणि तिचा आधार फोनचा हाच अ‍ॅक्सेलरोमीटर. तिथे तो पुरतो, कारण भूकंपात जमीन हलते ती बहुतांश सेकंदाला दहापेक्षाही कमी वेळा, आणि एकट्या फोनवर कोणी भिस्त ठेवत नाही. एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम हलले तरच सर्व्हर त्याला भूकंप मानतो. 1993 चं किल्लारी आठवणाऱ्या आमच्या पिढीला याचं मोल सांगायला नको. त्याच चिपच्या हातून बेअरिंगचा ठोका मात्र निसटतो. सेन्सर आहे, एवढ्यावर हो म्हणू नये, ते यासाठी.

मालकांनी ओघात आणखी एक विचारलं: लेथचा बेड फोनने लेव्हल करता येईल का? तिथे वेग आड येत नाही, बारकावा येतो. किमान अटींना धरून 12 बिटांचा, उणे चार ते अधिक चार जी मोजणारा सेन्सर घेतला, तर त्याची एक पायरी जवळपास दोन मिली-जीची. ती मीटरला दोन मिलिमीटर उतार भरते. फिटरची चांगली स्पिरिट लेव्हल मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवते. शंभरपट फरक. सरासरी काढून तो थोडा कमी होतो, पण फोन तापला की सेन्सरचा शून्यच सरकतो. ती कल्पना तिथेच सोडली.

बेअरिंगची कल्पना सोडली नाही, आणि ती राहिली ती तिथल्या एका जुन्या फिटरमुळे. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथवर उमेदवारी केलेला माणूस. तो म्हणाला, "हात लावून कळेपर्यंत उशीर झालेला असतो हो. आम्ही ऐकतो." लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडाला. तो जे ऐकत होता ते 86 हर्ट्झचं कंपन नव्हे. गोळी खड्ड्यावर आदळली की धातू हजारो हर्ट्झमध्ये किणकिणतो, आणि ती किणकिण सेकंदाला 86 वेळा उठते. बेअरिंगची खराबी सुरुवातीला दिसते ती याच वरच्या पट्टीत.

मायक्रोफोन मात्र प्रत्येक फोनमध्ये असतो आणि स्वस्त फोनमध्येही सेकंदाला 44,100 नमुने घेतो. इथे अडचण वेगळी आहे. फोन बोलण्यासाठी केलेला असल्यामुळे तो आवाज आपोआप वरखाली करतो आणि सतत चालणारी घरघर गोंगाट समजून पुसतो. आपल्याला हवी असते ती नेमकी घरघर. अँड्रॉइडमध्ये `UNPROCESSED` हा कच्चा आवाज मिळतो, पण तो देणं फोनवर बंधनकारक नाही. म्हणून मी `VOICE_RECOGNITION` हा स्रोत धरला. त्यात गोंगाट पुसणं आणि आवाज वरखाली करणं मुळात बंद ठेवावं, असं त्याच किमान अटी सांगतात.

चाचणीसाठी खराब बेअरिंग शोधावं लागलं नाही. रिवाइंडिंगवाल्याच्या कोपऱ्यात त्यांचा ढीग असतो. एकाच मोटरवर एक नवं आणि एक टाकाऊ 6205 बसवून, त्याच मुलांच्या फोनांवर न दाबलेल्या फाइलमध्ये आवाज घेतला. लॅपटॉपवर दोन ते सहा हजार हर्ट्झची पट्टी वेगळी केली, तिची चढउतार रेषा काढली आणि त्या रेषेचा स्पेक्ट्रम पाहिला. जेवणाच्या सुट्टीत, शेड शांत असताना, खराब बेअरिंगचं शिखर 86 च्या आसपास स्वस्त फोनवरही उभं राहिलं. शेजारी ग्राइंडर सुरू झाला आणि ते गडप झालं.

म्हणून अ‍ॅपने काय करायचं ते या मर्यादेने ठरवलं. बाकी यंत्रं बंद असताना, फोन हाउसिंगपासून ठरलेल्या अंतरावर धरून आवाज घ्यायचा, आणि त्याच मोटरच्या मागच्या नोंदीशी ताडून पाहायचा. अ‍ॅप खोलीचा गोंगाट आधी मोजतं आणि तो जास्त असेल तर निकालच देत नाही. अ‍ॅक्सेलरोमीटरचा भाग फक्त मोटरच्या 24 फेऱ्यांच्या असंतुलनासाठी ठेवला, तोही शंभर किंवा जास्त मापं देणाऱ्या फोनांवर. त्याहून कमी मापं देणाऱ्या फोनवर ते पान दिसत नाही. मालकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आमच्या पोरांच्या फोनवर ऐकायचा भाग चालतो ना?" चालतो, म्हटलं, पण सुट्टीच्या वेळेतच.