फिजिक्सची गणितं आणि हातातले चार आठवडे



जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर वाटून झाले की बारावी सायन्सच्या स्टाफरूमबाहेर पालकांची ये-जा सुरू होते. दोन वर्षांपूर्वी असेच एक वडील मुलीला घेऊन आले. फिजिक्समध्ये 70 पैकी 27. ते म्हणाले, "मॅडम, हिला गणितं जमतच नाहीत. आता महिनाच राहिलाय. नुसती थिअरी पाठ करू दे का?" मुलगी खाली मान घालून उभी होती.

हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारला असेल. पेपरात पर्याय असतात हे खरं. बी विभागात 12 पैकी 8, सी विभागात 12 पैकी 8, डी विभागात 5 पैकी 3 प्रश्न सोडवायचे. पण गणितं या तिन्ही विभागांत विखुरलेली असतात. ती सगळी टाळली की पर्याय संपतो आणि न येणारी थिअरीसुद्धा लिहावी लागते. म्हणून मी लगेच हो म्हटलं नाही. "पेपर माझ्याकडे ठेवा, उद्या बोलू," एवढंच सांगितलं.

घरी नेऊन तो पेपर मी मार्क मोजायला नाही, तर चूक नेमकी कुठल्या ओळीत झाली हे बघायला वाचला. आठ गणितांपैकी दोन कोरी होती. उरलेल्या सहांपैकी एकाच ठिकाणी फॉर्म्युला चुकला होता. एका ठिकाणी एकक बदलायचं राहिलं होतं. आणि चार ठिकाणी फॉर्म्युला बरोबर, किमती बरोबर भरलेल्या, पण उत्तर चूक! म्हणजे जिला "फिजिक्सची गणितं जमत नाहीत" ती मुलगी फिजिक्सच्या भागात पास होत होती आणि पुढच्या आकडेमोडीत बुडत होती. योजना आखायची तर इथून सुरुवात करायला हवी, हे तेव्हा पक्कं झालं.

पहिला आठवडा: लॉग टेबल आणि दहाचे घात

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पण वर्षभर मुलं घरी मोबाईलवर आकडेमोड करतात आणि लॉग टेबल परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधतात. म्हणून पहिल्या आठवड्यात मी तिला नवा धडा दिलाच नाही. रोज अर्धा तास फक्त गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ, तेही जुन्या गणितांत किमती भरून तयार असलेल्या ओळींवरून.

तिचीच एक चूक सांगते. एलसी सर्किटची अनुनाद वारंवारता काढायची होती. L = 20 मिलीहेन्री, C = 8 मायक्रोफॅरड. फॉर्म्युला f = 1/(2π√LC) तिने बरोबर लिहिला, LC = 1.6 × 10⁻⁷ हेही बरोबर काढलं. आता वर्गमूळ. 1.6 चा लॉग 0.2041, म्हणून पूर्ण लॉग "सात बार, पॉइंट 2041". याला दोनने भागायचं. तिने सातचे अर्धे साडेतीन, त्यातले तीन घेतले आणि "तीन बार, पॉइंट 1020" लिहिलं. अँटिलॉग 1.265 × 10⁻³ आला आणि वारंवारता 126 हर्ट्झ.

चूक इथे आहे: बार फक्त सातवर आहे, पुढचा दशांश धनच आहे. सात विषम, म्हणून आधी त्याचा आठ बार करायचा आणि जास्तीचा एक दशांशाकडे द्यायचा. आठ बार आणि 1.2041. आता निम्मे केले की चार बार आणि 0.6020. अँटिलॉग 4 × 10⁻⁴. वारंवारता सुमारे 398 हर्ट्झ.

मग मी तिला विचारलं, "लॉगची गरज होती का?" 1.6 × 10⁻⁷ म्हणजे 16 × 10⁻⁸. वर्गमूळ सरळ 4 × 10⁻⁴. घात सम करून घेतला की बरीच वर्गमुळं अशी तोंडी सुटतात. शिवाय पडताळणीही सोपी आहे. आलेल्या वर्गमुळाचा वर्ग करून बघायचा. तिच्या 1.265 × 10⁻³ चा वर्ग 1.6 × 10⁻⁶ येतो, मूळ संख्येच्या दहापट. दहा सेकंदांत चूक सापडते.

याच आठवड्यात एक वही घातली. प्रत्येक चुकलेलं गणित तीनपैकी एका रकान्यात लिहायचं: फॉर्म्युला, एकक, आकडेमोड. पूर्ण गणित नाही, फक्त चुकलेली ओळ. पुढचे तीन आठवडे काय करायचं हे या वहीनेच ठरवलं.

दुसरा आठवडा: सहाच धडे

पुस्तकात 16 धडे आहेत. सगळ्यांची गणितं चार आठवड्यांत करायला गेलं तर एकही धड होत नाही. आम्ही सहा निवडले: कायनेटिक थिअरी, ऑसिलेशन्स, करंट इलेक्ट्रिसिटी, एसी सर्किट्स, ड्युअल नेचर आणि अॅटम्स. यांत एक किंवा दोन फॉर्म्युल्यांत सुटणारी गणितं भरपूर असतात. रोटेशनल डायनॅमिक्स आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सची फक्त थिअरी आणि सिद्धता ठेवली. हा तोटा होता, पण जाणूनबुजून स्वीकारलेला.

रोज एक धडा, सहा गणितं. पहिली दोन पुस्तकात सोडवून दिलेली, पण उत्तर कागदाने झाकून. अडलं तर एकच ओळ उघडायची आणि पुन्हा झाकायची. सोडवलेलं गणित नुसतं वाचलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि हात मात्र रिकामाच राहतो.

लिहिण्याची एक सक्ती होती. दिलेल्या किमती डावीकडे एकाखाली एक, आणि एकक तिथेच बदलायचं, फॉर्म्युला लिहिण्याआधी. ही सक्ती का, ते फोटोइलेक्ट्रिक परिणामाच्या या गणितावरून कळेल. तरंगलांबी 4000 आँगस्ट्रॉम, वर्क फंक्शन 2.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट, इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा काढा. hc/λ वरून तिला 4.97 × 10⁻¹⁹ जूल मिळाले आणि त्यातून तिने सरळ 2.1 वजा केले. उत्तर आलं उणे 2.1! गतिज ऊर्जा उणे कशी असेल, हा विचार त्या क्षणी मनात येत नाही, कारण सगळं लक्ष वजाबाकीकडे असतं. जूलला 1.6 × 10⁻¹⁹ ने भागलं की 3.11 इलेक्ट्रॉनव्होल्ट होतात, वजा 2.1, उत्तर 1.01 इलेक्ट्रॉनव्होल्ट. वजाबाकी नेहमी सारख्या एककांची, हे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

तिसरा आठवडा: चिठ्ठ्या

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती खुशीत होती. सहापैकी पाच गणितं सुटत होती. मग मी सहाही धडे मिसळून दहा गणितं दिली आणि ती पुन्हा चारवर आली. वडील घाबरले. पण हे होणारच होतं. एसी सर्किट्सचा धडा उघडा असताना फॉर्म्युला कुठला हे धड्याच्या नावानेच सांगितलेलं असतं. पेपरात वर धड्याचं नाव नसतं.

तेव्हा काम वडिलांना दिलं. फिजिक्स यायची गरज नव्हती. त्यांनी पुस्तकातली साठेक गणितं चिठ्ठ्यांवर उतरवली, धड्याचं नाव न लिहिता. रोज संध्याकाळी ती पंधरा चिठ्ठ्या उचलायची. गणित सोडवायचं नाही, फक्त दिलेल्या किमती आणि फॉर्म्युला लिहायचा. वीस मिनिटांत काम संपायचं. मग त्यातली चारच पूर्ण सोडवायची.

तिची अडचण लवकरच दिसली. "वारंवारता काढा" असं वाचलं की ती 1/(2π√LC) लिहून मोकळी व्हायची. वारंवारता तर स्प्रिंगलाही असते, ताणलेल्या तारेलाही आणि फोटॉनलाही. काय विचारलंय यावरून फॉर्म्युला ठरत नाही. काय दिलंय यावरून ठरतो. L आणि C दिले तर सर्किट, k आणि m दिले तर स्प्रिंग, ताण आणि लांबी दिली तर तार, ऊर्जा दिली तर फोटॉन. हे कळल्यावर वहीतला पहिला रकाना भरायचा हळूहळू थांबला.

चौथा आठवडा: घड्याळ लावून

मध्ये प्रॅक्टिकलचे दोन दिवस गेले, ते धरूनच आखणी केली होती. या आठवड्यात तीन पूर्ण पेपर, प्रत्येकी तीन तास, हातात फक्त लॉग टेबल. 180 मिनिटं आणि 70 गुण, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. तीन गुणांचं गणित साडेसात मिनिटांत झालं नाही तर जागा सोडून पुढे जायचं. मात्र सोडताना फॉर्म्युला आणि भरलेल्या किमती लिहूनच, कारण पायऱ्यांनाही गुण असतात. पूर्वपरीक्षेतली ती दोन कोरी गणितं आठवा. निदान फॉर्म्युला लिहिला असता तरी काही हाती लागलं असतं.

तीन पेपरांत तिला 33, 38 आणि 41 मिळाले. शेवटचे दोन दिवस नवीन गणित नाही, फक्त चुकांची वही.

ही योजना सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणणार नाही. ज्याचा पहिला रकानाच भरलेला आहे, ज्याला मुळात संकल्पना समजलेली नाही, त्याला चार आठवडे पुरत नाहीत. त्याच्यासाठी सहाऐवजी तीन धडे घ्यावेत आणि तेही थिअरीपासून. म्हणूनच आधी पेपर वाचायचा आणि मग वेळापत्रक करायचं.

शिक्षकांना एक विनंती. पेपर तपासताना चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याऐवजी जिथे गाडी घसरली त्या ओळीला गोल करा. आपल्याला दोन सेकंद जास्त लागतात. मुलाला मात्र "मला गणितं येत नाहीत" आणि "मला बारचं निम्मं करता येत नाही" यांतला फरक कळतो.

बोर्डाचा पेपर झाल्यावर ती भेटली. म्हणाली, "मॅडम, दोन गणितं नाही सुटली. पण कुठे अडलं ते कळलं." वडिलांनी चिठ्ठ्यांचा डबा सोबत आणला होता. तो आता स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात आहे, आणि दर जानेवारीत बाहेर निघतो.