बाईचे वाटे

माझ्या मोठ्या बहिणीले आम्ही बाई म्हणतो. १९७६ साली ती पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या बाजूला दिली. शिक्षण चौथी. अक्षर अजूनही मोत्यासारखं. बाबा गेले २०१९ च्या जानेवारीत आणि त्यानंतर अडीच वर्षांनी, कपाशीच्या निंदणाच्या दिवसांत, तिचं पत्र आलं. वहीची सहा पानं, दोन्हीकडून लिहिलेली. फोन घरोघरी असताना पत्र कशाले, तर त्याचं कारण तिनं पहिल्याच ओळीत दिलं होतं: "फोनवर बोलाले गेली का मले रडू येते आन् मुद्दा राहून जाते."

आमच्या केळापूर तालुक्यात बहिणीचं जमिनीबद्दल पत्र आलं म्हणजे त्यात काय असेल, हे न वाचता सांगता येते असं लोक धरून चालतात. एक तर "मले काही नको, भाऊ सुखी राहो" किंवा मग वकिलाची नोटीस. या दोन्हींच्या मधलं काही असू शकते हे मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. बाईनं हिस्सा मागितला होता, पण मागणी अर्ध्या पानात उरकून बाकीची साडेपाच पानं वाटे कसे पाडायचे यावर खर्च केली होती.

त्या अर्ध्या पानात कायदा होता. बरडाचं पाच एकर बाबांनी १९७१ मध्ये स्वतः विकत घेतलेलं. ते स्वकष्टाचं, आणि बापानं मृत्युपत्र केलं नसलं तर अशा जमिनीत लेकीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच लेकाएवढा आहे. हे आपल्याकडे निम्म्या लोकांना आजही माहीत नाही. बाकीचं नऊ एकर आजोबांकडून आलेलं, वडिलोपार्जित. त्यात लेकीले जन्मानं हक्क मिळाला तो नंतर. आंध्रानं तो १९८५ पासून दिला, महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, पण दोन्हीकडे तेव्हा लग्न न झालेल्या पोरींनाच. बाईच्या धाकट्या नणंदेले त्या आंध्राच्या कायद्यानं वाटा मिळाला होता आणि तो कागद बाईनं स्वतः वाचला होता. तिचं स्वतःचं लग्न आधीच झालेलं, म्हणून ती दोन्हीकडून बाहेर. २००५ च्या दुरुस्तीनं लग्नाची अट गेली. मग बाप २००५ च्या आधी गेला असला तर काय, यावर कोर्टाकोर्टांत वेगवेगळे निकाल होते. ते सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला मिटवलं, की बाप तेव्हा हयात असो वा नसो, लेकीचा हक्क आहेच.

घराचं तर अजून वेगळं. राहत्या घराची वाटणी, भाऊ स्वतः वेगळे व्हायला निघत नाहीत तोवर, बहिणीले मागताच येत नव्हती. ते कलम २००५ पर्यंत कायद्यात होतं. म्हणजे बाई बरडात मालकीण होती आणि घरात पाहुणी.

आई बाबांच्या आधीच गेलेली. आम्ही तिघं: बाई, मी आणि यवतमाळला दुकान असलेला धाकटा. सरळ तीन वाटे.

चौदा एकर भागिले तीन, जवळपास पावणेपाच एकर एकेकाला. धाकट्यानं फोनवर हेच केलं आणि म्हणाला, "प्रत्येक वावराचे तीन तुकडे पाडू, कोणाची कटकट नाही." बहुतेक घरी असंच होते, कारण त्यात भांडण दिसत नाही. भांडण पुढं येते. तीन वावरांचे नऊ तुकडे झाले की दुरीत जमीन जाते, ट्रॅक्टर वळवायला जागा राहत नाही, मधल्या तुकड्याला वाट दुसऱ्याच्या पिकातून. आणि आमच्याकडे अजून एक. बरडाला लागून जंगल, टिपेश्वरचं अभयारण्य याच तालुक्यातलं. रानडुकरांसाठी रात्री जागल करावी लागते. एका माणसाचं शेत तीन जागी असलं तर तो मचाण कुठं बांधेल? बाईनं हा प्रश्न पत्रात जसाच्या तसा विचारला होता.

तिनं एकर बाजूला ठेवले आणि आणे धरले. नाल्याकाठचं चार एकर, काळं, विहिरीचं: सोळा आणे. मधलं पाच एकर, मध्यम: बारा आणे. बरडाचं पाच एकर, वीतभर मातीखाली मुरूम: आठ आणे. हे भाव तिनं मनानं ठरवले नव्हते. "गावात कोणतं वावर किती मक्त्यानं जाते ते भावाले विचार. मक्ता खोटं बोलत नाही," असं लिहिलं होतं. मी विचारलं. मक्त्याचे आकडे जवळपास याच प्रमाणात निघाले.

मग ती विहिरीवर आली. विहीर एकाच्या वाट्याला गेली तर बाकीचे दोघं कोरडे. म्हणून विहीर तिघांची सामाईक, पाण्याची पाळी दोन-दोन दिवसांची, सातवा दिवस सोडून, आणि हे सातबाराच्या इतर हक्कात नोंदवायचं. पण विहीर सामाईक झाली की नाल्याकाठचं वावर सोळा आण्याचं राहत नाही. ते तिनं चौदा धरलं. हा बारकावा मी कोणत्याही वाटणीत ऐकला नव्हता, आणि मी गावातल्या दहा-बारा वाटण्यांत पंच म्हणून बसलो आहे.

आता हिशोब असा. नाल्याकाठचं चौदा चोक छप्पन. मधलं पाच बारे साठ. बरड पाच आठे चाळीस. एकूण एकशे छप्पन, वाट्याला बावन्न. बरडात बारा कमी पडतात, तर बरडाला लागून असलेलं मधल्या वावरातलं एक एकर तिकडं जोडायचं. झाले बरोबर बावन्न, सहा एकर. मधलं उरलं चार एकर, अठ्ठेचाळीस. नाल्याकाठचं छप्पन. चार जास्त, चार कमी. हा फरक वावरात बांध सरकवून मिटवायचा नाही, घरात मिटवायचा. "ज्याच्या वाट्याले मधलं येईल त्यानं राहतं घर घ्यावं. नाल्याकाठचं घेईल त्याले फक्त कोठ्याची जागा. बरडवाल्याले मागची खोली."

आणि शेवटी: "वाटे मी पाडले, म्हणून उचलाची मी शेवटी. आधी धाकटा, मग तू."

धाकट्याले राग आला तो वाट्यांचा नाही, नावाचा. सातबारावर बहीण कशी, लोक काय म्हणतील, लग्नात दिलं नव्हतं का? तो तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायच्या विचारात होता. ते नोंदणीकृत असते आणि एकदा झालं की परत फिरवणं फार कठीण. पुष्कळ बहिणी "बँकेच्या कामाले सही पायजे" एवढ्यावर करून देतात. बाईनं याचंही उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. लग्नात मिळालेल्या भांड्यांची, गाईची यादी होती, आणि खाली एक ओळ: "तुमची लग्नं, शिक्षण, दुकानाचं भांडवल हेही त्याच वावरातून झालं. माझी यादी मांडाची तर तिन्ही याद्या मांडू." कोणी मांडली नाही.

बाबांच्या आजारपणाचा खर्च धरायचा नाही, सोसायटीचं कर्ज तिघांत सारखं, आणि विहिरीवरची मोटर-पाईप मी स्वतःच्या पैशानं टाकली म्हणून त्याचे निम्मे दोघांनी मला द्यावे, हेही तिच्याच पत्रात. मी मागितलं नव्हतं.

मला इथं शेतकरी संघटनेचे दिवस आठवले. १९८६ ला चांदवडला बायांचं ते मोठं अधिवेशन झालं आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायची. आम्ही बिल्ले लावून गावोगाव फिरलो. ते काम चांगलंच होतं. पण त्यात नवरा देणारा होता. भावानं बहिणीचं काय करावं हा विषय आमच्या सभांमध्ये निघाल्याचं मला आठवत नाही.

बरडाच्या शेजारी एका कोलाम कुटुंबाचं वावर आहे. त्यांची लेक हे सगळं ऐकून म्हणाली, "मग माह्यंबी नाव लागन ना?" तिला सांगावं लागलं की हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, त्यातच तसं लिहिलेलं आहे. त्यांचं त्यांच्या रीतीप्रमाणं. ती काही बोलली नाही.

पुढचं काम कागदाचं. आधी तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला देऊन वारसफेरफार, तिघांची नावं. तिथं सामाईक खातं झालं, आणि सामाईक खात्यावर पीककर्जाले बँक सर्वांची सही मागते. धाकटा वाटणीले तयार झाला त्यात या सहीचाही हात आहे. मग पांढरकवड्याला तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीचा अर्ज, शंभराच्या मुद्रांकावर, हाती काढलेल्या नकाशासकट. या कलमात फक्त शेतजमीन येते. घराचा कागद वेगळा करून नोंदवावा लागला आणि ग्रामपंचायतीच्या आठ नंबरवर फेर घ्यावा लागला.

पुष्कळ लोक आदेश हाती आला की थांबतात. आदेशात क्षेत्र असते, जागा नसते. चार एकर कुठून कुठपर्यंत हे भूमी अभिलेखचा माणूस मोजून पोटहिस्सा पाडतो तेव्हा ठरते. ते न केलेल्या घरांत दहा वर्षांनी दरसाल एकेक तास बांध सरकलेला दिसतो. बांधावरची जुनी बोर एकाच्या वावरात आली की समजावं. बाईनं लिहिलं होतं, "मोजणीचे पैसे मी देतो, पण दगड गाडल्याशिवाय सही नाही." तिकडे राहून तिची बोली थोडी बदलली आहे, हट्ट नाही.

धाकट्यानं नाल्याकाठचं उचललं. मी मधलं, घरासाठी. बरड बाईला. तिचं सहा एकर मीच मक्त्यानं करतो, दर गुढीपाडव्याला पैसे आदिलाबादला पोचवतो आणि ती पावती लिहून देते.

२०२२ च्या जुलैत पाऊस थांबेना. नाल्याकाठच्या काळ्या मातीत पाणी साचून कपाशी पिवळी पडली, मुळ्या सडल्या. बरडावरचं पाणी मुरमातून निघून गेलं आणि तिथली तूर उभी राहिली. धाकटा फोनवर म्हणाला, बाईले हे माहीत होतं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले एवढंच माहीत होतं का शेवटचा वाटा मले येईन. म्हणून तो नीट पाडला."

मागच्या खोलीला तिनं कुलूप लावलेलं नाही. माझ्या सुनेनं विचारून तिथं हरभऱ्याची पोती ठेवली आहेत. दिवाळीत बाई आली की पोती सपरीत काढतो.