गळ्याची पट्टी

माझे बालपण कोंकणी बोलणाऱ्या घरात गेले. लहान मुलीच्या झग्याला आमच्याकडे ‘आंगलें’ म्हणतात. ती आंगलीं माझी आई हातानेच शिवीत असे. तिच्या शेजारी बसून मी सुईत दोरा ओवायला शिकले, आणि तेवढ्यावरून आपल्याला शिवण येते असा माझा समज झाला. तो समज पुढे मलकपेठेत कसा दूर झाला, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

चार वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी आठ मुलींना सारखे कुडते हवे होते. वर्गणी थोडी जमली होती. तीत मोरपंखी रंगाचे सुती हातमागाचे कापड आणले आणि शिवण्याचे काम मी मोठ्या हौसेने अंगावर घेतले. गळ्याच्या आतून काय लावावे, हा पहिला प्रश्न होता. अस्तर म्हणजे आतून दुसरा कुडताच. कमरेपर्यंत लावायचे म्हटले तरी दर कुडत्याला अर्धा मीटर, म्हणजे आठांना चार मीटर कापड जास्त. शिवाय श्रावणातल्या दमट हवेत मुलींना दुहेरी कापडात दोन तास उभे करायचे. आणखी एक अडचण होती. हातमागाचे कापड पहिल्या धुण्यात आटते, अस्तर तितकेच आटेल असे नाही. दोहोंपैकी एक कमी-जास्त आटले की गळा ओढला जातो, नाहीतर आत फुगा राहतो.

म्हणून मी गळ्याला आतून फक्त पट्टी लावण्याचे ठरविले. शिंपी हिलाच फेसिंग म्हणतात. गळ्याच्याच आकाराची, कुडत्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवून कापलेली, पाच सेंटिमीटर रुंदीची ही पट्टी असते. कापडाची कड झाकायची आणि गळ्याला आकार द्यायचा, एवढेच तिचे काम. तेवढ्यासाठी सगळे अंग झाकण्याचे कारण नाही. मोरपंखी कापड पुरेना, तेव्हा घरातल्या पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यांतून मी पट्ट्या कापल्या.

कुडते तयार झाले. तालमीच्या दिवशी मुली घालून उभ्या राहिल्या, आणि पहिले कडवे संपते न संपते तोच आठही गळ्यांवर पांढरी रेघ दिसू लागली. पट्टी आतून उलटून बाहेर डोकावत होती. मी इस्त्री केली, अर्ध्या तासात रेघ परत आली. एका कुडत्याची पट्टी मी हातशिलाईने सबंध खाली टाचली, तर बाहेरून टाके दिसू लागले आणि छातीवर चुण्या पडल्या. समारंभाला तीन दिवस उरले होते. सगळे गळे उसवून अस्तरच लावावे, असे मी मनाशी ठरविले.

दुसऱ्या दिवशी त्या आठांपैकी एक मुलगी मधल्या सुटीत माझ्यापाशी आली. तिची आई घरी शिवणकाम करते, हे मला ठाऊक होते. जमिनीकडे पाहत ती म्हणाली, “बाई, आई म्हणते, गळे उसवू नका. आतली दाबटीप तेवढी राहिली आहे.” विद्यार्थिनीने आपली चूक दाखवावी, हे क्षणभर मला बोचले, हे कबूल केले पाहिजे. परंतु संध्याकाळी आठही कुडते घेऊन मी तिच्या घरी गेले.

“या बाई, बसा,” म्हणून त्या माउलीने एक कुडता यंत्रावर घेतला. प्रथम तिने गळ्याच्या शिवणीबाहेरची माया पाहिली. मी एक सेंटिमीटर माया ठेवून तिला चारच काचे दिले होते. ती म्हणाली, “ही माया आत वळायला तिला जागा कुठं आहे?” घरी येऊन मी हिशेब केला, तेव्हा तिचे म्हणणे पटले. समोरचा गळा सात सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ धरा. शिवणीची लांबी सुमारे 22 सेंटिमीटर भरते. मायेची कड एक सेंटिमीटर आत, म्हणजे सुमारे 19 सेंटिमीटरच असते. माया आत वळली की तीच कड शिवणीच्या पलीकडे, 25 सेंटिमीटरच्या कमानीवर बसावी लागते. ही सहा सेंटिमीटरांची तूट काचे उघडूनच भरून निघते. चार काच्यांनी ती भरत नाही, मग आखडलेली माया गळ्याला वर ढकलते.

तिने पट्टीकडची माया चार मिलिमीटर आणि कुडत्याकडची सात मिलिमीटर राहील अशी छाटली. दोन्ही कडा एकाच जागी संपल्या तर बाहेरून कंगोरा दिसतो, म्हणून हा फरक. मग दर सव्वा सेंटिमीटरवर, शिवणीपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबत, काचे दिले. त्यानंतर मुख्य काम. पट्टी कुडत्यापासून उघडून उजवीकडे पसरली, दोन्ही माया पट्टीच्या खाली वळविल्या, आणि शिवणीपासून दोन मिलिमीटर अंतरावर पट्टीवरूनच टीप मारली. ती टीप पट्टी आणि दोन्ही माया यांतून जाते, कुडत्यातून जात नाही, म्हणून बाहेरून दिसत नाही. टीप मारताना ती दोन्ही हातांनी पट्टी व कुडता किंचित बाजूंना ताणून धरीत होती, कारण मध्ये घडी राहिली तर सगळी मेहनत फुकट जाते.

या टिपेने काय होते? माया पट्टीला जखडली जाते आणि पट्टी आत ओढली जाते. तिच्यामागून बाहेरचे कापड एखादा मिलिमीटर आत वळते, आणि शिवण कडेवर न राहता आतल्या बाजूला जाते. इस्त्री केवळ घडी घालते, ही टीप घडी धरून ठेवते. शेवटी तिने पट्टी फक्त दोन्ही खांद्यांच्या मायेला चार-चार टाके घालून अडकविली. एका कुडत्याला पाऊण तासही लागला नाही, आणि गळ्याची मूळ शिवण कोठेही उसवावी लागली नाही. उसवावी लागली ती एकाच कुडत्याची माझी हातशिलाई. पट्टी पांढरीच राहिली, परंतु रेघ दिसेना.

मग मी भीत भीत विचारले, “अस्तर लावलं असतं, तर हा त्रास वाचला असता ना?” ती हसली. “अस्तरालासुद्धा ही टीप लागतेच, बाई. नाहीतर तेही असंच बाहेर येतं.” अस्तर कोठे हवे, हेही तिने सांगितले. झिरझिरीत कापडातून पट्टीची कड सावलीसारखी दिसते, जरीचे कापड अंगाला टोचते, घट्ट पोलक्याच्या शिवणींवर ताण येतो. तेथे अस्तरच लावावे. टोकदार गळ्यात यंत्र टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून तेथे दाबटीप टोकाच्या दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडे थांबवावी.

उरलेले सात कुडते आम्ही तिघींनी दोन संध्याकाळांत पुरे केले. काचे मुलगी देत होती, दाबटीप तिची आई मारीत होती, आणि खांद्यांचे टाके माझ्याकडे होते. पंधरा ऑगस्टला सारे गीत संपेपर्यंत मी गाण्याकडे कमी आणि गळ्यांकडेच अधिक पाहत होते. आठांतला एकही उलटला नाही.

त्या मुलीला मी पुढे एकदा विचारले, माझी चूक तिने तालमीच्याच दिवशी का सांगितली नाही. ती म्हणाली, “तुम्ही रागावाल असं वाटलं, बाई.” त्या दिवसापासून शिवणाच्या तासाला मी माझे काम प्रथम मुलींच्या हाती देते, आणि त्यांना पट्टी उलटून पाहायला सांगते.